फोटोतलं टेबल आणि दोन उत्तरं

(भागाचं शब्दांकन. ऐकताना गाळलेली आकडेमोड इथे पूर्ण दिली आहे.)

आज एकच प्रश्न घेणार आहे, पण तो पूर्ण सोडवणार आहे. कागद-पेन जवळ असेल तर बरं. बसमध्ये असाल तर नुसतं ऐका, टेबल खाली आहेच.

सोलापुरातल्या एका श्रोत्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं पान, त्यावर एक टेबल, आणि खाली मेसेज: "सर, मला टी ची किंमत ०.७५ यायलीय, मैत्रिणीला ३.३५ यायलीय. आकडेमोड दोघींची तीनदा तपासली. कुणाचं बरोबर?"

मी दोघींची आकडेमोड बघितली. दोन्हीकडे गुणाकार-भागाकारात एकही चूक नव्हती. आणि तरीही एकीचा निष्कर्ष "फरक आहे", दुसरीचा "फरक आहे असं म्हणता येत नाही". टेबल तेच, आकडे तेच. म्हणजे गडबड आकडेमोडीच्या आधीच कुठेतरी झालीय.

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. टॉवेल विणणारा एक छोटा कारखाना आहे, आठ यंत्रमागांचा. सूत विकणारा व्यापारी म्हणतो, माझं नवीन सूत थोडं महाग आहे, पण माग चालताना धागे कमी तुटतात. आता ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. उभा धागा तुटला की माग थांबतो किंवा थांबवावा लागतो. कामगार येणार, तुटलेलं टोक शोधणार, गाठ मारणार, धागा परत ओवणार, मग माग चालू. प्रत्येक वेळी काही मिनिटं जातात, आणि गाठ नीट बसली नाही तर टॉवेलवर डाग दिसतो तो वेगळाच. कामगाराचा पगार मीटरवर किंवा नगावर असेल तर ती मिनिटं त्याच्या खिशातून जातात. म्हणून "एका पाळीत किती वेळा धागा तुटला" हा आकडा मालकाला आणि कामगाराला, दोघांनाही महत्त्वाचा.

तर मालकाने काय केलं, आठही मागांवर एक आठवडा जुनं सूत चालवलं, एक आठवडा नवीन. प्रत्येक मागाला पाळीमागे सरासरी किती वेळा धागा तुटला ते लिहून ठेवलं. एक स्पष्ट करतो, हा सरावाचा प्रश्न आहे. आकडे शिकवण्यासाठी तयार केलेले आहेत, कुठल्या खऱ्या कारखान्याचे नाहीत. टेबल असं:

| माग क्र. | जुनं सूत | नवीन सूत |
|---|---|---|
| १ | १४ | १२ |
| २ | २२ | १९ |
| ३ | ९ | ९ |
| ४ | १८ | १५ |
| ५ | २७ | २५ |
| ६ | १२ | १३ |
| ७ | २० | १६ |
| ८ | १६ | १३ |
| एकूण | १३८ | १२२ |

प्रश्न: नवीन सुतामुळे धागे तुटणं कमी झालं का? ५ टक्के पातळीवर तपासा.

आता गंमत ऐका. मला पहिल्यांदा आलेल्या फोटोत डावीकडचा "माग क्र." हा रकानाच नव्हता. फोटो काढताना कडेला कापला गेला होता. नुसते दोन रकाने, जुनं आणि नवीन, आठ-आठ आकडे. मी पूर्ण पानाचा फोटो मागवला, तेव्हा तो रकाना दिसला. आणि सगळं उत्तर त्या रकान्यात आहे.

कसं ते बघा. डावा रकाना नसेल तर आपल्यासमोर दोन वेगवेगळे गट आहेत असं वाटतं. आठ माग जुन्या सुतावर, दुसरे आठ माग नवीन सुतावर. मग आपण दोन स्वतंत्र नमुन्यांची टी-टेस्ट लावतो. पण मागाचा क्रमांक दिसला की कळतं, हे सोळा माग नाहीत, आठच आहेत. प्रत्येक ओळीतले दोन आकडे एकाच मागाचे आहेत. ही जोडी आहे. तिथे जोडीची टी-टेस्ट लावायची, इंग्रजी पुस्तकात जिला पेअर्ड टी-टेस्ट म्हणतात ती.

ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. मनात उजवा रकाना वरखाली हलवून बघा. म्हणजे नवीन सुताचे आठ आकडे तेच ठेवा, पण क्रम बदला. काही बिघडलं का? दोन वेगळे गट असतील तर काहीच बिघडत नाही, ते आठ आकडे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी तेच. पण इथे क्रम बदलला तर पाच नंबरच्या मागाचे २५ तीन नंबरच्या मागासमोर जातील आणि माहिती खोटी होईल. क्रम हलवल्यावर माहिती बिघडत असेल, तर ती जोडी आहे.

चला, आता दोन्ही पद्धतींनी करून बघू. आधी पहिलीची.

स्वतंत्र नमुने धरले तर जुन्या सुताची सरासरी १३८ भागिले ८, म्हणजे १७.२५. नवीनची १२२ भागिले ८, म्हणजे १५.२५. फरक २. आता हा २ मोठा की लहान, हे ठरवायला आकड्यांचा पसारा बघायचा. जुन्या रकान्यात सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २३३.५ येते, नवीनमध्ये १६९.५. दोन्ही मिळून ४०३. त्याला १४ ने भागलं, कारण ८ + ८ − २ = १४, तर २८.७९. वर्गमूळ ५.३७. दोन सरासरींच्या फरकाची प्रमाण त्रुटी म्हणजे ५.३७ गुणिले (१/८ + १/८) चं वर्गमूळ. ते वर्गमूळ बरोबर ०.५ येतं, म्हणून २.६८. टी म्हणजे २ भागिले २.६८, बरोबर ०.७५. १४ स्वातंत्र्य मात्रांसाठी एका बाजूच्या ५ टक्के चाचणीची सीमा १.७६१. आपला ०.७५ तिच्या जवळपासही नाही. निष्कर्ष: फरक दिसत नाही.

आता मैत्रिणीची पद्धत. तिने प्रत्येक ओळीत जुनं वजा नवीन केलं:

२, ३, ०, ३, २, −१, ४, ३.

सहाव्या मागाचं उत्तर वजा आहे, तिथे सावध राहा. घाईत तो वजा गळतो आणि १ लिहिला जातो. बेरीज १६, सरासरी २. वर्गांची बेरीज ४ + ९ + ० + ९ + ४ + १ + १६ + ९, म्हणजे ५२. त्यातून १६ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ३२, वजा केले की २० उरतात. २० भागिले ७, २.८५७. वर्गमूळ १.६९. आता मांडणी:

```
H0 : μd = 0
H1 : μd > 0
t = d̄ / (s / √n) = 2 / (1.69 / √8) = 2 / 0.598 = 3.35
df = n − 1 = 7
```

७ स्वातंत्र्य मात्रांसाठी एका बाजूची ५ टक्के सीमा १.८९५. आपला ३.३५ त्याच्या पलीकडे आहे. शून्य परिकल्पना नाकारायची.

सरासरी फरक दोन्हीकडे २ च होता, हे लक्षात आलं का? बदललं काय, तर खाली भागायला आलेला आकडा. एकीकडे २.६८, दुसरीकडे ०.५९८. हा फरक कुठून आला?

टेबलात पाच नंबरचा माग बघा. जुन्या सुतावर २७, नवीनवर २५. तो मागच तसा आहे, जुना असेल, फणी झिजली असेल, जॉबरने शेवटचा कधी बघितला देव जाणे. तीन नंबरचा माग बघा, ९ आणि ९. हा मुळातच चांगला चालणारा. म्हणजे टेबलातला बहुतेक पसारा मागामागातला आहे, सुताचा नाही. स्वतंत्र नमुन्यांच्या पद्धतीत हा मागामागातला फरक सगळा खालच्या भाजकात जाऊन बसतो, आणि सुताचा छोटासा २ त्यात बुडतो. जोडी लावली की पाच नंबरची तुलना पाच नंबरशीच होते. त्या मागाचा वाईटपणा दोन्ही आकड्यांत सारखा आहे, वजाबाकीत तो निघून जातो. उरतो फक्त सुताचा परिणाम आणि थोडी इकडची-तिकडची हालचाल.

म्हणून मैत्रिणीचं बरोबर. आणि पहिलीचं चुकलं ते गणितात नाही, फोटोतल्या कापलेल्या कडेमुळे.

ही गोष्ट आजची नाही बरं का. टी-टेस्ट ज्याने काढली तो विल्यम गॉसेट डब्लिनमध्ये गिनीस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. तिथे बार्लीचे, माल्टचे नमुने मोजकेच मिळायचे, आणि मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घ्यायचा होता. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने असं लिखाण छापू देत नव्हती, म्हणून १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख लिहिला. म्हणून आजही तुमच्या पुस्तकात "स्टुडंट्स टी" असं लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

त्या लेखात त्याने एक उदाहरण दिलं होतं. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिली, आणि प्रत्येक औषधाने झोप किती तास वाढली ते लिहिलं. दहा रुग्ण, दोन रकाने, आपल्या आठ मागांसारखंच. त्या टेबलात प्रत्येक रुग्णाची वजाबाकी केली तर सरासरी फरक १.५८ तास आणि टी ४.०६ येतो. ९ मात्रांसाठी दोन्ही बाजूंची ५ टक्के सीमा २.२६२, म्हणजे शून्य परिकल्पना सहज नाकारली जाते. पण तेच वीस आकडे दोन वेगळ्या गटांचे म्हणून घेतले तर टी १.८६ येतो, १८ मात्रांसाठी सीमा २.१०१, आणि नाकारता येत नाही. शंभराहून जास्त वर्षं झाली, तोच सापळा आहे. आर नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे टेबल त्यात `sleep` या नावाने आधीच भरलेलं आहे, स्वतः करून बघा.

आता फोटोकडे परत. फोटोवरून गणित सोडवणारे आपण सगळे, परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर फोटोच तर फिरत असतात. त्यात आणखी एक धोका आहे. माझ्याकडे आलेल्या फोटोत सहाव्या मागाचा नवीन सुताचा आकडा पुसट होता. १३ की १८? शाई पसरली होती. तुम्ही म्हणाल, एका आकड्याने काय होतंय.

होतंय. १८ धरून बघू. मग त्या ओळीचा फरक १२ वजा १८, म्हणजे −६. फरकांची बेरीज ११, सरासरी १.३७५. वर्गांची बेरीज ८७. त्यातून ११ चा वर्ग १२१ भागिले ८, म्हणजे १५.१२५ वजा केले की ७१.८७५ उरतात. भागिले ७, मग वर्गमूळ, ३.२०. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागलं की १.१३. टी १.२१. सीमा १.८९५. निष्कर्ष पूर्ण उलटा! एका पुसट आकड्याने "नवीन सूत चांगलं" चं "काही सांगता येत नाही" झालं. कारण तो आकडा सरासरी खाली ओढतो आणि त्याच वेळी पसाराही वाढवतो, दोन्हीकडून मार.

मग कसं ठरवायचं? अंदाजाने नाही. टेबलाची शेवटची ओळ आहे ना, "एकूण". नवीन रकान्याची बेरीज १२२ दिलीय. बाकीचे सात आकडे मिळवा: १२ + ९ + १९ + १५ + २५ + १६ + १३ = १०९. १२२ वजा १०९, तेरा. म्हणजे पुसट आकडा १३ च. १८ असता तर बेरीज १२७ आली असती. फोटोतलं कुठलंही टेबल उतरवून घेतलं की पहिलं काम हे, बेरजेची ओळ असेल तर दोन्ही रकाने जुळवून बघा. नुसता "१३ सारखं दिसतंय" म्हणून पुढे जाऊ नका. बेरीजही दिसत नसेल, तर फोटो परत मागवा, तेवढा दोन मिनिटांचा वेळ द्या.

आणि हो, ती "एकूण"ची ओळ फोनवर एक्सेल किंवा शीटमध्ये टाकताना आकड्यांसोबत निवडू नका. नववा माग म्हणून १३८ आणि १२२ गेले की काय उत्तर येईल ते विचारू नका. ओळखायची खूण म्हणजे n. स्वातंत्र्य मात्रा ७ ऐवजी ८ दिसल्या की समजायचं, बेरीज आत घुसलीय.

आता सीमा मूल्याकडे, म्हणजे क्रिटिकल व्हॅल्यूकडे. मला आलेल्या दुसऱ्या फोटोत टी-टेबल होतं, आणि त्याचीही वरची ओळ कापलेली. ७ मात्रांच्या ओळीत आकडे दिसत होते: १.४१५, १.८९५, २.३६५, २.९९८, ३.४९९. पण कुठला रकाना ५ टक्क्यांचा? काही पुस्तकांत रकान्यावर एका बाजूचं क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, तर काहींत दोन्ही बाजूंचं मिळून. फिशर आणि येट्स यांच्या जुन्या, प्रसिद्ध तक्त्यांत दोन्ही बाजूंचं आहे. त्यामुळे एका पुस्तकात "०.०५" खाली १.८९५ दिसेल, आणि दुसऱ्यात "०.०५" खालीच २.३६५. दोन्ही पुस्तकं बरोबर असतात!

वरची ओळ नसली तरी ओळखता येतं. रकान्यातून सरळ खाली शेवटच्या ओळीपर्यंत जा, जिथे आडवं आठ असतं, अनंत मात्रांची ओळ. तिथे १.६४५ दिसला तर तो रकाना एका बाजूला ५ टक्के देणारा. १.९६० दिसला तर दोन्ही बाजू मिळून ५ टक्के. हे दोन आकडे तुम्हाला नॉर्मल वितरणातून पाठ असतातच. एवढी खूण पुरेशी आहे.

आपल्या प्रश्नात कुठला घ्यायचा? प्रश्न आहे "कमी झालं का". व्यापाऱ्याचा दावा एकाच दिशेचा आहे, म्हणून एक बाजू, १.८९५. प्रश्नात "फरक पडला का" असं असतं तर दोन बाजू, २.३६५. इथे ५ टक्क्यांवर दोन्हींत नाकारलंच जातं, त्यामुळे भांडण नाही. पण प्रश्न १ टक्के पातळीचा असता तर? एका बाजूची सीमा २.९९८, दोन बाजूंची ३.४९९. आपला टी ३.३५, बरोबर मधे! एका बाजूने नाकारायचं, दोन बाजूंनी नाही. म्हणून हा निर्णय प्रश्न वाचताना घ्यायचा, टी काढल्यावर नाही. टी बघून "चला, एक बाजू घेतली की बसतंय" असं केलं तर तो ५ टक्के हा आकडाच खोटा ठरतो. कारण मग तुम्ही दोन्ही दिशांना जाळं टाकून, मासा सापडला त्या बाजूचंच जाळं टाकलं होतं असं सांगताय.

फोनवर ताळा करायचा असेल तर जुने आकडे A2 ते A9 आणि नवीन B2 ते B9 मध्ये टाका आणि हे लिहा:

```
=T.TEST(A2:A9, B2:B9, 1, 1)
```

पहिला १ म्हणजे एक बाजू, दुसरा १ म्हणजे जोडी. उत्तर साधारण ०.००६ येईल. शेवटचा १ काढून २ टाकला की ती स्वतंत्र नमुन्यांची टेस्ट होते आणि उत्तर ०.२३ येतं. बघा, एका बटणाचा फरक. यात एक खोच आहे, हे सूत्र दिशा बघत नाही. नवीन सुतावर धागे जास्त तुटले असते, फक्त वजा चिन्ह उलटं असतं, तरी ते हाच ०.००६ दाखवेल. म्हणून आधी दोन सरासरी बघायच्या, कमी कुठे आहे ते, आणि मगच या आकड्याकडे जायचं.

आता निष्कर्ष कसा लिहायचा. वहीत बऱ्याच जणी लिहितात, "एच-नॉट रिजेक्टेड", आणि खाली रेघ. परीक्षकाला चालत असेलही, पण मालकाला त्याचं काय? मी असं लिहीन: "टी ३.३५ हा सीमा १.८९५ पेक्षा मोठा आहे, म्हणून ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारली. या आठ मागांच्या माहितीनुसार दुसऱ्या आठवड्यात, नवीन सुतावर, धागे तुटण्याची सरासरी कमी झाली असं म्हणायला पुरावा आहे." आणि पुढे किती कमी ते. २ अधिक-वजा २.३६५ गुणिले ०.५९८, म्हणजे २ अधिक-वजा १.४१. पाळीमागे साधारण ०.६ ते ३.४ वेळा कमी. मालकाला खरं हे हवंय. पाळीत अर्ध्या वेळेने धागा कमी तुटणं आणि साडेतीन वेळा कमी तुटणं, यात सुताचा जास्तीचा भाव परवडतो की नाही हे बदलतं. टी-टेस्ट त्याचं उत्तर देत नाही, ते हिशेबाच्या वहीत करायचं.

आणि पहिलीच्या पद्धतीने टी ०.७५ आला असता, समजा ती पद्धत लागू असती, तरी "सुतात फरक नाही हे सिद्ध झालं" असं लिहायचं नाही. "फरक आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही", एवढंच.

माझ्या वाक्यात मी "दुसऱ्या आठवड्यात" हा शब्द मुद्दाम घातलाय, लक्षात आलं का? मला या प्रश्नात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. आठही मागांवर आधी जुनं सूत आणि मग नवीन. सगळे एकाच क्रमाने. आता सोलापूरचा विचार करा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. सुती धागा ओलसर हवेत जास्त मजबूत असतो, कोरड्या हवेत कडक होऊन लवकर तुटतो. म्हणून तर मोठ्या मिलमध्ये विणाईखात्यात हवेत पाण्याचे तुषार सोडतात, आणि छोट्या कारखान्यांतही जमिनीवर पाणी मारतात. समजा जुनं सूत मेच्या शेवटच्या आठवड्यात चाललं आणि नवीन सूत चढवलं तेव्हा जूनचा पहिला पाऊस होऊन गेला होता. धागे कमी तुटले. सुतामुळे की पावसामुळे? टी ३.३५ आला काय नि १० आला काय, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. टी एवढंच सांगतो की दोन आठवड्यांतला फरक योगायोगाने आला असं समजणं अवघड आहे. तो फरक कशामुळे आला हे टेबलाला माहीत नसतं.

यावर उपाय महाग नाही. आठ मागांपैकी चार मागांवर आधी जुनं सूत, चार मागांवर आधी नवीन, आणि कुठले चार हे नाणं उडवून किंवा चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. मग पाऊस आला तरी तो दोन्ही सुतांना सारखा मिळेल, आणि वजाबाकीची पद्धत तीच राहील. एका अडचणीची कल्पना ठेवा. सूत बदलायचं म्हणजे बीम बदलायचा, आणि आठही मागांचे बीम एकाच सोमवारी बदलणं शक्य नसतं. त्यामुळे प्रत्यक्षात मालक ज्या मागाचा बीम संपला त्यावर नवीन सूत चढवतो. तसं असेल तर टेबलात प्रत्येक ओळीसमोर तारीखही लिहून ठेवा, निदान नंतर बघता तरी येईल की कुठला आकडा कोरड्या दिवसांचा आणि कुठला पावसानंतरचा.

आठ आकडे इतके कमी असताना अजून एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे फरकांत एखादा एकटाच फार दूर बसलाय का. टी-टेस्ट मानून चालते की हे फरक साधारण घंटेच्या आकाराच्या वितरणातून आलेत. आठ आकड्यांवरून ते तपासणं फारसं जमत नाही, पण एक रेघ ओढून त्यावर आठ ठिपके मांडता येतात. आपले ठिपके −१ ते ४ मध्ये बसलेत, कुणी फटकून नाही. ठीक. पण मघाचा −६ आठवतो? तो ठिपका लगेच वेगळा दिसला असता. खरंच तसा आकडा असता तर मी टी काढायच्या आधी त्या मागाकडे गेलो असतो, त्या आठवड्यात तिथे काय झालं होतं ते विचारायला. कदाचित फणीचा दात वाकला असेल, कदाचित कामगार नवीन असेल.

त्या श्रोत्याने काल परत मेसेज केलाय. तिने वहीत जोडीची टेस्ट लिहून काढली, ताळाही केला, आणि आता विचारते: "सर, एका मागाचं नवीन सूत भिजलेलं निघालं म्हणून आकडाच नाही, तर ती ओळ काय करायची?" जोडी तुटली की ती ओळ या टेस्टमध्ये वापरता येत नाही. n सात, मात्रा सहा, एका बाजूची सीमा १.९४३. पण कारण वहीत लिहा, "सूत भिजलं" असं, कारण आकडा भिजल्यामुळे गेला की खूप वाईट आला म्हणून कुणी खोडला, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

पुढच्या भागात काय-वर्ग चाचणी घेऊ, दोन पाळ्यांमधल्या खराब टॉवेलांचं टेबल आलंय. फोटो पाठवताना चारही कडा दिसतील असा पाठवा.